पीएच.डी.च्या मौखिकीतील पाच मिनिटांचे निवेदन: परीक्षक आपल्या विषयाचे नसतील तेव्हा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चा प्रबंध मार्गदर्शक आणि किमान दोन बहिःस्थ परीक्षक तपासतात. मौखिकीला मार्गदर्शकासह निदान एक बहिःस्थ परीक्षक असतो आणि ती विभागातील अध्यापक व संशोधक विद्यार्थ्यांसाठी खुली असते. परीक्षक त्या विषयाचे तज्ज्ञ असावेत अशी अपेक्षा असते. तरी प्रबंध दोन-तीन शाखांच्या सीमेवरचा असला की बहिःस्थ परीक्षक लगतच्या शाखेतून येतात, अध्यक्ष वेगळ्याच विभागाचे असतात आणि समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी अनेकांनी प्रबंधाचे मुखपृष्ठही पाहिलेले नसते. अशा वेळी अध्यक्षांनी “स्लाइड्स नंतर पाहू, आधी पाच मिनिटांत तुम्ही काय केलेत ते सांगा,” असे म्हटले, की चाळीस मिनिटांच्या सादरीकरणाची तयारी केलेला विद्यार्थी अडखळतो. नेदरलँड्समधील विद्यापीठांत मौखिकीपूर्वी सर्वसामान्य श्रोत्यांसाठी छोटे भाषण करण्याची पद्धत आहे, आणि फिनलंडमध्येही विद्यार्थी प्रारंभी असे निवेदन करतो. आपल्याकडे ते वेळापत्रकात नसल्याने त्याची तयारी बहुधा कोणी करून घेत नाही.

पुढील सर्व पायऱ्या एकाच कल्पित प्रबंधाच्या आधाराने मांडतो. विद्यार्थिनी भूजलशास्त्राची आहे. तिचा विषय दख्खनच्या बेसॉल्टमधील सिमेंट नाला बंधाऱ्यांमुळे विहिरींना मिळणाऱ्या पाण्याचा आहे. अध्यक्ष रसायनशास्त्राचे आहेत आणि बहिःस्थ परीक्षक कृषी-अर्थशास्त्राच्या आहेत. उदाहरणातील मोजमापे केवळ समजावण्यासाठी कल्पिली आहेत. खडकाविषयीचा एकच आकडा खरा आहे आणि तो कोठून आला, ते योग्य ठिकाणी सांगितले आहे.

पहिली पायरी: समोर कोण आहे ते पाहणे

परीक्षकांची नावे कळली, की त्यांचे अलीकडचे दोन-तीन लेख चाळावेत. त्यांची स्तुती करण्यासाठी हे करायचे नाही. एखादा निष्कर्ष मान्य करण्यापूर्वी ते कोणता पुरावा मागतात, हे त्या लेखांवरून कळते. कृषी-अर्थशास्त्राच्या अभ्यासक ‘बंधारा झाला आणि पाणी वाढले’ एवढ्यावर थांबत नाहीत. बंधारा झाला नसता तर काय झाले असते, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. रसायनशास्त्रज्ञ विचारतील, की विहिरीत आलेले पाणी बंधाऱ्याचेच आहे हे कशावरून. या दोन प्रश्नांची उत्तरे प्रबंधात असतील तर ती पाच मिनिटांत आलीच पाहिजेत, आणि नसतील तर ती नाहीत हेही तितक्याच स्पष्टपणे आले पाहिजे. उरलेली सारी निवड या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने होते, म्हणून ही पायरी लेखनाआधीची आहे.

दुसरी पायरी: उत्तराचे एक वाक्य

पाच मिनिटांचा मजकूर लिहिण्यापूर्वी संपूर्ण प्रबंधाचे उत्तर एका वाक्यात लिहावे. त्यात कोठे, काय, किती आणि कोणत्या मर्यादेपर्यंत या चारही गोष्टी असाव्यात. बहुतेक विद्यार्थी येथे विषय लिहितात, उत्तर लिहीत नाहीत. ‘लघुपाणलोटातील कृत्रिम पुनर्भरणाचे मूल्यमापन’ हा विषय झाला. उत्तर असे असते: “अभ्यासलेल्या पाणलोटात बंधाऱ्याचा लाभ सुमारे तीनशे मीटरच्या आतील विहिरींना झाला, त्यांची पातळी पावसाळ्यानंतर सरासरी १.२ मीटर अधिक चढली, आणि हा फरक जानेवारीअखेर उरला नाही.” हे वाक्य खोडून काढता येते, त्यावर शंका घेता येते. ज्या वाक्यावर कोणालाही हरकत घेता येत नाही त्यात निष्कर्ष नसतो, असे धरून ते पुन्हा लिहावे.

हे वाक्य जमत नसेल तर अडचण बहुधा वक्तृत्वाची नसते. प्रबंधात तीन वेगवेगळे छोटे अभ्यास असतात आणि त्यांपैकी मुख्य कोणता, हे अजून ठरलेले नसते. अशा वेळी मार्गदर्शकांशी बसून एक अभ्यास मुख्य मानावा आणि उरलेल्या दोहोंना एकेक वाक्य द्यावे. तिन्हींना समान वेळ देणे न्याय्य वाटते, पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

तिसरी पायरी: मजकूर लिहिणे

मुद्दे टिपून बोलणे अनुभवी अध्यापकाला जमते. नवख्याने पूर्ण वाक्ये लिहावीत. आपला वेग प्रत्येकाने स्वतः मोजावा: प्रबंधातील एखादा उतारा वर्गात शिकवावे तसा मोठ्याने वाचावा आणि मिनिटाला किती शब्द झाले ते पाहावे. संथ, स्पष्ट मराठीत ते साधारण शंभर ते सव्वाशे भरतात. म्हणजे साडेचार मिनिटांसाठी पाचशेच्या आसपास शब्द पुरतात, आणि उरलेले अर्धे मिनिट थांबण्यासाठी, पाण्याच्या घोटासाठी व आकड्यानंतरच्या विरामासाठी लागते. मौखिकी इंग्रजीत होणार असेल तर मजकूर थेट इंग्रजीतच लिहावा. मराठीतून उलथा केलेली वाक्ये बोलताना तुटतात.

सुरुवात कशी नसावी ते आधी पाहू. “माझ्या प्रबंधाचे शीर्षक अमुक असून त्यात सहा प्रकरणे आहेत. पहिल्या प्रकरणात प्रस्तावना, दुसऱ्यात पूर्वसंशोधनाचा आढावा...” या वाटेने गेले की दोन मिनिटे संपतात आणि श्रोत्याला कळते ते एवढेच, की प्रबंधाला प्रकरणे आहेत. प्रकरणांचा क्रम वाचकाच्या सोयीचा असतो. ऐकणाऱ्याला प्रश्न आणि उत्तर यांतील अंतर समजले पाहिजे. आभारही येथे नकोत. ते प्रबंधात छापलेले असतात.

आता आपल्या विद्यार्थिनीचे पहिले मिनिट:

“नाल्यावर सिमेंटचा बंधारा घातला की पावसाळ्यानंतर त्यामागे साठलेले पाणी सर्वांना दिसते. त्यातील किती पाणी जमिनीखालून आसपासच्या विहिरींना मिळते, ते किती दूर जाते आणि किती काळ टिकते, हे मात्र दिसत नाही. मी हे तीन प्रश्न एका तालुक्यातील दोन शेजारच्या पाणलोटांत तपासले. उत्तर असे, की लाभ सुमारे तीनशे मीटरपर्यंतच्या विहिरींना झाला, तो पातळीत सरासरी १.२ मीटर इतका होता आणि जानेवारीअखेर तो उरला नाही. हे मी कसे ठरवले ते आता सांगते.”

उत्तर पहिल्याच मिनिटात सांगितले आहे, याकडे लक्ष द्यावे. अनेक मार्गदर्शकांना निष्कर्ष शेवटी ठेवलेला आवडतो आणि आपल्या क्षेत्रातील श्रोत्यांपुढे ते चालूनही जाते, कारण पुढे काय येणार याचा अंदाज त्यांना असतो. परक्या क्षेत्रातील परीक्षकाला तो अंदाज नसतो. आपण ऐकत असलेला तपशील कशासाठी आहे हे त्याला कळत नाही, आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत तो प्रबंधाची पाने उलटू लागतो. उत्तर आधी मिळाले, की तो उरलेला वेळ त्या उत्तराची परीक्षा घेण्यात घालवतो, आणि आपल्याला तेच हवे असते.

यानंतर पद्धत. येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण विषयाबाहेरचा परीक्षक निष्कर्षाचे मूल्य पद्धतीवरूनच करू शकतो. पण पद्धत म्हणजे उपकरणांची यादी नव्हे. पातळी मोजण्याची फीत कोणत्या बनावटीची होती, हे सांगण्याची ही जागा नाही. तुलना कशाशी केली, ते सांगावे:

“पाऊस पडला की बंधारा नसतानाही विहिरी चढतात. म्हणून बंधारे असलेल्या पाणलोटातील २४ विहिरींबरोबर मी शेजारच्या, बंधारे नसलेल्या पाणलोटातील १२ विहिरीही मोजल्या. बंधारे बहुधा नाल्यावरच्या सोयीच्या जागी होतात आणि नाल्याकाठच्या विहिरींना तसेही पाणी अधिक असते. त्यामुळे तुलनेच्या विहिरी मी नाल्यापासून तितक्याच अंतरावरच्या निवडल्या. दोन पावसाळ्यांच्या आधी आणि नंतर पातळी मोजली. बंधारे नसलेल्या भागात ती सरासरी ३.४ मीटर चढली, आणि बंधाऱ्यापासून तीनशे मीटरच्या आत ४.६ मीटर. फरक १.२ मीटर. तीनशे मीटरच्या पलीकडच्या विहिरींत मला बंधारे नसलेल्या भागापासून वेगळा असा चढ आढळला नाही.”

अर्थशास्त्राच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न येथे विचारण्यापूर्वीच हाताळला गेला आहे, तोही त्यांच्या शास्त्रातील एकही संज्ञा न वापरता. परीक्षकांच्या संज्ञा उसन्या घेण्याचा मोह टाळावा. अर्थशास्त्रात किंवा संख्याशास्त्रात नेमका अर्थ असलेला शब्द आपण ढोबळपणे वापरला, तर पुढची दहा मिनिटे त्या शब्दावरच जातात. ‘सिग्निफिकंट’ हा त्यातला सर्वांत धोकादायक शब्द. चाचणी केली असेल तर तिचे नाव घ्यावे, नसेल तर ‘फरक ठळक होता’ एवढेच म्हणावे.

चौथी पायरी: अपरिहार्य संज्ञा आणि आकडे

आपल्या क्षेत्रातील एखादी संज्ञा टाळता येत नाही. या प्रबंधात ती ‘स्पेसिफिक यील्ड’ आहे. पातळी १.२ मीटर चढली म्हणजे पाणी किती वाढले, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही, आणि नेमके येथेच बाहेरच्या परीक्षकाचा गैरसमज होतो. विहिरीत १.२ मीटर पाणी वाढले म्हणजे शिवारभर १.२ मीटर पाणी साठले, असे त्याला वाटू शकते. संज्ञा उच्चारताच पुढच्याच वाक्यात ती उलगडावी, आणि तीही व्याख्येने नव्हे तर हिशोबाने:

“खडक भरीव असतो, पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या पोकळ्यांत असते. पाण्याने भरलेल्या खडकाच्या शंभर लिटर आकारमानातून जितके लिटर पाणी आपोआप निथळते, त्या प्रमाणाला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. झिजलेल्या आणि सच्छिद्र बेसॉल्टसाठी भूजल अंदाजाच्या राष्ट्रीय निकषांत ते १ ते ३ टक्के मानले आहे, आणि हिशोबासाठी २ टक्के सुचवले आहे. म्हणून १.२ मीटरचा चढ म्हणजे प्रत्यक्षात २४ मिलिमीटर पाणी. एका हेक्टरमागे ते २४० घनमीटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे २४ टँकर. प्रमाण १ टक्का धरले तर १२ टँकर आणि ३ टक्के धरले तर ३६.”

या उताऱ्यात दोन गोष्टी साधल्या आहेत. ऐकणाऱ्याला परिचित असे माप मिळाले, आणि अनिश्चितताही त्याच मापात सांगितली गेली. ‘स्पेसिफिक यील्डमध्ये ५० टक्के अनिश्चितता आहे’ असे म्हटले असते तर रसायनशास्त्रज्ञाने मान डोलावली असती आणि अर्थशास्त्राच्या परीक्षकांना त्याचे काय करावे ते कळले नसते. ‘१२ ते ३६ टँकर’ म्हटल्याबरोबर त्या बंधाऱ्याच्या खर्चाशी मनात तुलना करू लागतात. मात्र टँकरचे माप येथे शोभते, कारण हिशोब पाण्याचाच आहे. ध्वनिशास्त्राच्या किंवा भाषाविज्ञानाच्या प्रबंधात असे ओढूनताणून आणलेले माप हास्यास्पद होईल. तेथे एखादे प्रत्यक्ष उदाहरण वाक्य बोलून दाखवणे पुरते.

पाच मिनिटांत एक, फार तर दोन संज्ञा पेलतात. निष्कर्षाचे आकडेही तीन-चारांहून अधिक नसावेत. येथे ३०० मीटर, १.२ मीटर आणि टँकर हे लक्षात राहायचे आहेत. विहिरींची संख्या व सरासऱ्या कानावरून जाव्यात, त्या कोणी लक्षात ठेवणे अपेक्षित नाही. म्हणून लक्षात राहायच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे आणि इतर आकडे वाहत्या वाक्यात सांगावेत.

पाचवी पायरी: मर्यादा आपण सांगायची

शेवटचे मिनिट मर्यादांचे. ‘पुढील संशोधनास वाव आहे’ हे वाक्य मर्यादा सांगत नाही, कारण ते कोणत्याही प्रबंधाला लागू पडते. निष्कर्षातील नेमके कोणते विधान कशामुळे डळमळू शकते, ते सांगावे:

“दोन ठिकाणी माझे उत्तर कच्चे आहे. जानेवारीअखेर फरक नाहीसा झाला, पण पाणी जमिनीखालून पुढे निघून गेले की रब्बीसाठी उपसले गेले, हे मला वेगळे करता आले नाही. बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्यांनी पाणी आहे म्हणून अधिक उपसा केला असेल, तर लाभ माझ्या आकड्यापेक्षा मोठा आहे. दुसरे म्हणजे, विहिरीतील पाणी बंधाऱ्याचेच आहे हे मी तुलनेवरून म्हणते. पाण्याच्या समस्थानिकांची तपासणी मी केलेली नाही. माझे निष्कर्ष या दोन पाणलोटांपुरते आहेत आणि मुरमाचा थर पातळ असेल तेथे ते लागू होतील असे मी मानत नाही.”

काही मार्गदर्शकांना ही कबुली अनावश्यक वाटते. परीक्षकांच्या हाती आपणहून शस्त्र कशाला द्यायचे, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. समस्थानिकांचा प्रश्न रसायनशास्त्रज्ञ विचारणारच आहेत. तो त्यांनी शोधून काढला तर ती उणीव ठरते. विद्यार्थिनीने आधी सांगितला, की ‘तपासणी केली असती तर कोणत्या हंगामातील नमुने घेतले असते?’ असा पुढचा, अधिक चांगला प्रश्न येतो. दोनच मर्यादा सांगाव्यात, आणि त्याही मुख्य निष्कर्षाला भिडणाऱ्या. आठ मर्यादांची यादी ऐकली की परीक्षकाला एकही गंभीर वाटत नाही.

‘आम्ही’ आणि ‘मी’ यांबाबतही दक्ष राहावे. प्रयोगशाळेतील इतरांनी मोजलेली किंवा शासकीय यंत्रणेकडून घेतलेली आकडेवारी असेल तर तसे एका वाक्यात सांगून पुढे सर्वत्र ‘मी’ म्हणावे. बाहेरच्या परीक्षकाला त्या क्षेत्रातील कामाची वाटणी ठाऊक नसते, आणि सगळीकडे ‘आम्ही’ ऐकल्यावर यातले तुमचे काय, हा प्रश्न रास्तच ठरतो.

सहावी पायरी: परक्या कानांवर तालीम

आपल्या विभागातील मित्रांपुढे केलेली तालीम वेळ मोजण्यापुरती उपयोगी असते. खरी तालीम दुसऱ्या विभागातील दोघांपुढे, वेगवेगळ्या दिवशी करावी. ऐकून झाल्यावर ‘समजले का’ असे विचारू नये. सौजन्याने सगळे ‘हो’ म्हणतात. त्यांना सांगावे, की मी काय शोधले ते तुमच्या शब्दांत मला परत सांगा. ‘बंधाऱ्यांमुळे पाणी वाढते यावर तुझे काम आहे’ असे उत्तर आले, तर प्रश्न पोहोचला नाही, केवळ विषय पोहोचला. ‘लाभ जवळच्याच विहिरींना होतो आणि तोही काही महिनेच’ असे आले तर निवेदन पोहोचले. मग त्यांना एक प्रश्न विचारायला सांगावा. तो एखाद्या संज्ञेचा अर्थ विचारणारा असेल, तर तेवढे वाक्य पुन्हा लिहावे. ‘शेजारचा पाणलोट खरोखर सारखाच होता का?’ असा प्रश्न आला तर मजकुराला हात लावू नये, त्याचे उत्तर तयार करावे.

ही तालीम स्लाइड्सशिवाय करावी. प्रत्यक्षात एखादी आकृती दाखवायला मिळाली तर एकच घ्यावी: येथे, आडव्या अक्षावर बंधाऱ्यापासूनचे अंतर, उभ्या अक्षावर पातळीतील चढ आणि बंधारे नसलेल्या भागाची सरासरी दाखवणारी एक आडवी रेघ. आकृती पडद्यावर आली की आधी अक्ष सांगावेत आणि मगच बिंदूंकडे वळावे. परिचयामुळे आपण थेट बिंदूंपासून सुरुवात करतो आणि नवख्या श्रोत्याचा डोळा अजून अक्षांची नावे वाचत असतो.

मजकूर पाठ झाला, की त्यातील कोणते भाग वगळता येतील ते पेन्सिलीने खुणावून ठेवावे. अध्यक्षांनी मध्येच “आणखी दोनच मिनिटे” म्हटले तर भरभर बोलून सगळे कोंबण्याचा प्रयत्न होतो आणि त्यात निष्कर्षच गिळला जातो. आपल्या उदाहरणात संज्ञेचा उलगडा गाळून थेट ‘हेक्टरमागे १२ ते ३६ टँकर, आणि ही अनिश्चितता खडकाच्या गुणधर्मामुळे आहे’ असे म्हणता येईल. तुलनेच्या विहिरींची वाक्ये व दोन मर्यादा मात्र गाळू नयेत. आणि निवेदनाच्या मध्येच कोणी प्रश्न विचारला तर ‘पुढे येणारच आहे’ म्हणून तो टोलवू नये. एका वाक्यात उत्तर द्यावे, “सविस्तर चर्चेच्या वेळी सांगते,” असे म्हणावे आणि ज्या वाक्यापाशी थांबलो होतो ते वाक्य सुरुवातीपासून पुन्हा म्हणावे.